एकशे चार पूर्णांक पाच टक्के ॲसिड

आमच्या कारखान्याच्या हिशेब खात्यात एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी प्रयोगशाळेत नवा होतो तेव्हा एके दिवशी ते वजनकाट्याची पावती आणि माझा रिपोर्ट असे दोन कागद घेऊन आले. "अहो, टँकर वीस टनांचा. तुमच्या रिपोर्टवर १०४.५ टक्के. म्हणजे मी वहीत वीस टन नऊशे किलो ॲसिड लिहायचं? हे वरचे नऊशे किलो आले कुठून?"

प्रश्न चोख होता. दुधात पाणी घातलं तर टक्केवारी उतरते, शंभराच्या वर काही ती चढत नाही. पण टँकरमध्ये साधं सल्फ्युरिक ॲसिड नव्हतं, ओलियम होतं आणि ओलियमच्या लेबलावर शंभराच्या वरचा आकडा असणं ही चूक नसते. पुढे पुतणी अकरावीला गेली, तेव्हा 'मोल संकल्पना' या धड्यातलं हेच गणित घेऊन माझ्यापुढे बसली आणि तिनेही अण्णांसारखंच विचारलं, "काका, शंभर टक्क्यांपेक्षा जास्त शुद्ध कसं असेल?"

आधी हे द्रव्य काय ते पाहू. गंधक जाळला की सल्फर डायऑक्साइड होतो आणि त्याला उत्प्रेरकावरून नेऊन आणखी ऑक्सिजन दिला की सल्फर ट्रायऑक्साइड. कारखान्यात त्याला सरळ 'एसओथ्री' म्हणतात, मीही तेच म्हणेन. एसओथ्रीला पाणी भेटलं की सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं:

SO₃ + H₂O → H₂SO₄

म्हणजे ॲसिड तयार होऊन पाणी पूर्ण संपलं की ते शंभर टक्के. आता या शंभर टक्के ॲसिडात आणखी एसओथ्री सोडत राहिलो, तर त्याला जोडीला पाणी उरलेलं नसतं. तो ॲसिडात विरघळून बसतो. असं एसओथ्री बाळगणारं, झाकण उघडताच पांढरा धूर सोडणारं ॲसिड म्हणजे ओलियम. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला धूमायमान गंधकाम्ल म्हटलेलं सापडतं. त्यात जोडीदाराविना बसलेला एसओथ्री म्हणजे 'फ्री एसओथ्री', मुक्त एसओथ्री.

लेबलावरची १०४.५ टक्के ही संख्या त्यात आत्ता किती ॲसिड आहे ते सांगतच नाही. तिचा अर्थ असा: या १०० किलो ओलियममध्ये ४.५ किलो पाणी घाला, मग तुमच्याकडे १०४.५ किलो नितळ, शंभर टक्के सल्फ्युरिक ॲसिड असेल. शंभराच्या वरचा जो तुकडा आहे तो पाण्याचं वजन आहे, आणि हे पाणी अजून घालायचं आहे. अण्णांना मी म्हटलं होतं की एक किलो कोरडा साबुदाणा भिजवल्यावर किलोच्या वर भरतो, तसं समजा. त्यांना ते पटलं, पण "मग भिजवायच्या आधी कशाला लिहायचं?" असं ते म्हणालेच.

कारण ॲसिडच्या धंद्यात सगळा हिशेब 'शंभर टक्के ॲसिड' या एकाच मापाने ठेवतात. कुणी ९८ टक्क्यांचं विकतं, कुणी पातळ, कुणी ओलियम. किती गंधक जाळला आणि त्याचं किती ॲसिड व्हायला हवं होतं हे ताडून पाहायचं, तर सगळं एका मापात आणावं लागतं. ९८ टक्क्यांच्या एका टनाचे ९८० किलो, तसेच १०४.५ टक्क्यांच्या एका टनाचे १०४५ किलो. अण्णांच्या वहीतले नऊशे किलो तिथून आले. ते ग्राहकाच्या नळाचं पाणी होतं, आम्ही दिलेलं नव्हतं.

आता लेबलावरून मुक्त एसओथ्री काढू. पुतणीच्या पुस्तकात होतं तसं १०९ टक्क्यांचं ओलियम घेऊ. लेबल सांगतं, १०० ग्रॅमला ९ ग्रॅम पाणी लागेल. हे पाणी कोण पिणार? ओलियममध्ये आधीच असलेल्या ॲसिडला त्याची गरज नाही, फक्त मुक्त एसओथ्रीला आहे. वरचं समीकरण वजनात वाचलं तर १८ ग्रॅम पाणी ८० ग्रॅम एसओथ्रीला पुरतं आणि त्यांचं मिळून ९८ ग्रॅम ॲसिड होतं. मग ९ ग्रॅम पाणी ४० ग्रॅमला पुरेल. म्हणजे १०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅम मुक्त एसओथ्री आणि उरलेलं ६० ग्रॅम ॲसिड. पडताळा करायचा तर ४० अधिक ९ मिळून ४९ ग्रॅम नवं ॲसिड, त्यात जुनं ६० मिळवलं की १०९. जमलं.

सूत्र हवंच असेल तर लेबलातून शंभर वजा करा आणि ८० भागिले १८ म्हणजे ४.४४ने गुणा. १०४.५ चे २० टक्के. उलट जायचं असेल तर भागा. ६५ टक्के मुक्त एसओथ्रीचं ओलियम लेबलाच्या भाषेत ११४.६ होतं. या भाषेला वरची मर्यादाही आहे. ओलियममध्ये ॲसिड शून्य आणि सगळाच एसओथ्री असेल, तर १०० ग्रॅमला २२.५ ग्रॅम पाणी लागेल. म्हणून १२२.५ च्या वर लेबल जाऊच शकत नाही. कुणी १२५ टक्क्यांचं गणित घातलं असेल तर ते न सोडवता परत द्यावं.

पुतणीने पहिल्यांदा उत्तर काढलं ते ९ टक्के एसओथ्री. बहुतेक मुलं इथेच घसरतात. शंभराच्या वरचं जे काही ते एसओथ्रीच असणार असं वाटतं. ते पाणी आहे, हे एकदा डोक्यात बसलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

अशीच गल्लत मोठी माणसंही करतात, कारण एकाच मालाला दोन नावं आहेत. पुस्तकात १०४.५ टक्के ओलियम आणि बाजारात '२० टक्के ओलियम'. दुसऱ्या नावातली टक्केवारी सरळ मुक्त एसओथ्रीची. आकडा शंभराच्या खाली असेल तर तो एसओथ्रीचा आणि वर असेल तर पाण्याच्या हिशेबाचा, असं धरून चालायला हरकत नसते. पण खरेदीच्या कागदावर '५ टक्के' असं काही दिसलं, तर विचारून घ्यावं. लिहिणाऱ्याच्या मनात १०५ असेल तर एसओथ्री २२ टक्क्यांच्या वर जातो, आणि मुक्त एसओथ्रीच ५ टक्के म्हणायचं असेल तर लेबल होतं १०१.१.

आपल्याकडे बाजारात जे ओलियम फिरतं ते मुख्यतः विशीच्या आसपासचं, २३-२५ टक्क्यांचं, नाहीतर एकदम ६५चं. मधले आकडे फारसे दिसत नाहीत, आणि त्याचं कारण गोठण्यात आहे. २० टक्क्यांचं शून्याखालीही पातळ राहतं. ६५ टक्क्यांचंही शून्याच्या आसपासपर्यंत वाहतं. पण मधलं, ४०-४५ टक्क्यांचं, पारा तिशीत असतानाही दगडासारखं होतं. ४५ टक्क्यांच्या जवळ एसओथ्री आणि ॲसिडाची जोडी एकास एक अशी बरोबर बसते आणि त्याचे स्फटिक सुमारे ३६ अंशांना वितळतात. परीक्षकांचं लाडकं १०९ टक्क्यांचं ओलियम म्हणजे ४० टक्के. डिसेंबरातल्या पुण्यात ते बाटलीतून ओतायला गेलात तर ओतलंच जाणार नाही. गणित बरोबर आहे, पण माल नळीतून काढायला आधी तापवावा लागेल.

जाता जाता नावाबद्दल. ओलियम म्हणजे लॅटिनमध्ये तेल. द्रव खरंच तेलासारखा जड आणि संथ वाहतो. कारखान्यात उत्प्रेरक येण्याच्या कितीतरी आधी जर्मनीतल्या नॉर्डहाउझेन गावाच्या नावाने ते विकलं जाई, आणि ते करण्याची रीत म्हणजे हिराकस भाजायचा. कोरड्या हिराकसाला कडक आंच दिली की एसओथ्रीच्या वाफा सुटतात, भांड्यात लाल गेरूसारखी भुकटी उरते. नीळ कापडावर चढवायची एक युरोपीय पद्धत याच ॲसिडात नीळ विरघळवून केली जाई. साध्या ॲसिडाला पाणी काढून घेण्याची ताकद असते, पण कार्बनी रेणूवर गंधकाचा गट बसवायला मोकळा एसओथ्रीच कामाला येतो. म्हणूनच आजही रंगाचे आणि साबणाच्या पावडरीचे कारखाने ओलियमचे गिऱ्हाईक आहेत, आणि ते लेबलात पाण्यापेक्षा एसओथ्रीचाच आकडा शोधतात.

पाण्याकडे परत येऊ, कारण पुढची गल्लत तिथे आहे. १०९ टक्क्यांच्या १०० ग्रॅममध्ये नऊऐवजी साडेचारच ग्रॅम पाणी घातलं तर? पुतणी पटकन म्हणाली, "निम्मं पाणी, निम्मा एसओथ्री, म्हणून २० टक्के." निम्मा एसओथ्री, म्हणजे २० ग्रॅम, उरतो हे खरं. पण आता वजन १०० राहिलेलं नाही, १०४.५ झालंय. २० भागिले १०४.५ म्हणजे १९.१ टक्के. नवं लेबलही तेच सांगेल. एकूण होऊ शकणारं ॲसिड १०९ ग्रॅमच, ते १०४.५ ग्रॅममध्ये, म्हणजे १०४.३ टक्के. ४.३ ला ४.४४ने गुणलं की १९.१. ही दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण ती पुढेही तशीच चालते. पाणी नऊच्या वर गेलं तरी ॲसिड १०९ ग्रॅमच राहतं, फक्त भागाकार बदलतो. १८ ग्रॅम पाणी घातलं तर १०९ भागिले ११८, म्हणजे ९२.४ टक्क्यांचं साधं ॲसिड. म्हणून ओलियम किती पातळ करायचं आहे ते ठरलं की पाणी एका ओळीत निघतं. १०४.५ च्या १०० किलोंचं ९८ टक्के करायचं असेल, तर १०४.५ भागिले ०.९८ म्हणजे १०६.६ किलो. त्यातले शंभर आपल्याकडे आहेत, पाणी ६.६ किलो.

पण हे पाणी कुणी ओलियमवर ओतत नाही. कागदावर ६.६ किलो म्हणजे अर्धी बादली. प्रत्यक्षात वायुरूप एसओथ्री ८० ग्रॅम आणि पाणी १८ ग्रॅम भेटले, तर सुमारे १३० किलोजूल उष्णता निघते. एवढ्यात जवळपास ४०० ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानावरून उकळीला येईल. ओलियममध्ये एसओथ्री आधीच विरघळलेला असल्याने उष्णता काहीशी कमी निघते, पण पाणी वरच्या थरावर पडून तिथेच उकळायला ती पुरेशी असते. मग वाफ आणि ॲसिड एकत्र उसळतात.

दुसरी अडचण धुक्याची. एसओथ्रीची वाफ आणि पाण्याची वाफ हवेत भेटली की ॲसिडाचे इतके बारीक थेंब होतात की ते खाली बसत नाहीत आणि पाण्याच्या फवाऱ्यालाही धड सापडत नाहीत. कारखान्यात एसओथ्री सरळ पाण्यात न सोडता ९८ टक्के ॲसिडात शोषतात ते यासाठीच. ९८.३ टक्क्यांच्या जवळ ॲसिडावर पाण्याची वाफही सगळ्यात कमी आणि एसओथ्रीचीही. त्याहून पातळ असेल तर पाण्याच्या वाफेमुळे धुकं होतं, दाट असेल तर एसओथ्री निसटतो. चिमणीतून पांढरी शेपटी दिसू लागली की पाळीवरचा माणूस आधी या ॲसिडाची टक्केवारी मागतो.

हवेतही पाणी असतंच, आणि सांडलेलं ओलियम आपलं लेबल त्या पाण्याने पुरं करतं. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीत श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात ओलियमच्या टाकीचा आधार कोसळला, टाकी फुटली आणि पांढरा लोट वस्तीत शिरला. तीस हजारी न्यायालयातल्या एका वकिलाचा त्यात मृत्यू झाला. भोपाळला जेमतेम वर्ष झालं होतं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठातून असा निकाल दिला की, धोकादायक उद्योगाने केलेल्या हानीची जबाबदारी त्याचीच, काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही. त्या प्रकरणाच्या कागदांत सगळीकडे 'ओलियम वायू' असा शब्द आहे. ओलियम द्रव असतं. पसरलेला होता तो एसओथ्री आणि हवेतल्या ओलाव्याने केलेलं ॲसिडचं धुकं.

तेव्हा पाणी द्यायचं कसं? कारखान्यात ते दुसऱ्या ॲसिडात लपवून देतात. ९८ टक्के ॲसिडात प्रत्येक १०० किलोंत २ किलो पाणी असतं. १०४.५ च्या १०० किलोंना ४.५ किलो पाणी हवं, तर ९८चं ॲसिड लागेल २२५ किलो. मिळून ३२५ किलो, सगळं शंभर टक्के. पडताळा सोपा आहे. २२५ किलोंत ॲसिड २२०.५, त्यात ओलियमचं १०४.५ मिळवलं की ३२५. इथे तीच उष्णता सव्वातीनशे किलो द्रवात वाटली जाते आणि पंपाने फिरवून गारव्यातून नेता येते. ओलियम फिरत्या ॲसिडात हळूहळू सोडायचं, ॲसिड ओलियममध्ये नाही. पाणी घालायचंच झालं तर तेही फिरत्या ९८ टक्के ॲसिडात, नळी पृष्ठभागाखाली बुडवून.

हे सगळं लेबल खरं आहे असं धरून. ते खरं करायचं काम माझ्याकडे होतं आणि त्यात माझी बरीच वर्षं गेली.

नमुना घेण्याची रीत अशी. पातळ काचेचा, केसासारख्या नळीचा छोटा फुगा घ्यायचा. त्याचं वजन करायचं, जरा तापवायचा आणि नळीचं टोक ओलियममध्ये धरायचं. निवताना तो आपोआप नमुना ओढून घेतो. टोक पुसून ज्योतीवर बंद करायचं, पुन्हा वजन. मग बुचाच्या जाड बाटलीत पाणी घेऊन त्यात फुगा टाकायचा, बूच घट्ट लावून हलवायचं. फुगा फुटतो आणि बाटली दुधासारख्या धुक्याने भरते. हे धुकं पूर्ण निवळेपर्यंत बूच काढायचं नाही. घाई केली तर एसओथ्री धुक्यातून निघून जातो आणि लेबल खाली येतं. नमुन्याची बाटली उघडी राहिली तर ती ओलावा पिते, तेव्हाही लेबल खालीच येतं. म्हणून एखाद्या पाळीचे आकडे पावसाळ्यात सतत कमी येत असतील, तर मी यंत्राकडे बघायच्या आधी नमुना घेणाऱ्याकडे बघत असे.

निवळलं की कॉस्टिक सोड्याने टायट्रेशन. १.५०० ग्रॅम ओलियमला १ नॉर्मल सोडा ३२.० मिलिलिटर लागला असं धरा. प्रत्येक मिलिलिटर म्हणजे ०.०४९ ग्रॅम ॲसिड, एकूण १.५६८ ग्रॅम. दीड ग्रॅमच्या मानाने १०४.५ टक्के आणि मुक्त एसओथ्री २०.१ टक्के. आता ब्युरेट वाचताना दोन थेंबांची, म्हणजे ०.१ मिलिलिटरची चूक झाली आणि ३१.९ वाचलं. लेबल १०४.२ झालं. तीन दशांशाचा फरक, दिसायला क्षुल्लक. पण एसओथ्री १८.७ वर आला, जवळजवळ दीड टक्क्याने कमी. ४.४४ हा गुणक चुकीलाही तेवढ्याच इमानाने गुणतो. आपण मोजतो एकशे चार, आणि आपल्याला हवा असतो तो वरचा चार.

याला तोड म्हणून एक दुसरी पद्धत आहे, ती मला फार आवडायची. ओलियमचं मोठं वजन घ्यायचं, ते गार ठेवायचं आणि त्यात पातळ सल्फ्युरिक ॲसिड थेंबाथेंबाने सोडत राहायचं. वरून ओलसर हवेचा हलका झोत. मुक्त एसओथ्री आहे तोवर पृष्ठभागावर पांढरा धूर उठतो. धूर थांबला की थांबायचं. सोडलेलं ॲसिड ८० टक्क्यांचं असेल तर त्याच्या दर १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम पाणी. १०० ग्रॅम ओलियमला ते २२.५ ग्रॅम लागलं, म्हणजे पाणी ४.५, म्हणजे लेबल १०४.५. इथे तो वरचा चारच थेट मोजला जातो. पाण्याच्या मोजणीत एक टक्का चुकलो तर एसओथ्रीतही तेवढीच चूक होते, २० चे १९.८ होतात. त्यातून जास्त काही बिघडत नाही.

एकदा अण्णा प्रयोगशाळेत आले तेव्हा हेच चाललं होतं. काचेच्या भांड्यावर धुराची एक बारीक रेघ होती. ती पुसट होत गेली, तुटली, आणखी दोन थेंबांनी नाहीशी झाली. मी ब्युरेट वाचून पाण्याचा आकडा वहीत लिहिला. अण्णांनी चष्मा वर सरकवून तो पाहिला आणि विचारलं, "म्हणजे हेच का ते नऊशे किलो?"